सुट्टीत पोस्टची रांग रिकामी पडते: दिवाळीत दरवर्षी येणाऱ्या खंडाचं निदान आणि उपाय

लक्षण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. दसरा होतो, रांगेत वीस-बावीस पोस्ट 'तयार' दिसतात, सगळे निर्धास्त असतात. मग वसुबारसेच्या आसपास एक दिवस पोस्ट जात नाही, लक्ष्मीपूजनापासून तर सलग चार दिवस पान कोरं राहतं आणि भाऊबीज उलटल्यावर संपादक कुणाच्या तरी घरच्या वायफायवरून घाईघाईत जुनाच मजकूर टाकतो. पुढच्या वर्षी 'जास्त लिहून ठेवू' असं ठरतं, लिहिलंही जातं, तरी रांग पुन्हा रिकामी पडते. जास्त लिहिणं हा बहुतेक वेळा या दुखण्यावरचा इलाजच नसतो, म्हणून ते परत येतं.

इथे उदाहरणासाठी वर्डप्रेसवर चालणारी एक मराठी शेतीसल्ल्याची साइट धरू. रोज सकाळी साडेसहाला एक पोस्ट जाते. तीन जण लिहितात, एक कृषी पदवीधर मजकूर तपासून मंजुरी देतो आणि एक संपादक तारखा लावतो. दिवाळी २०२५ ची घेऊ, म्हणजे आकडेमोड खऱ्या तारखांवर करता येईल: १७ ऑक्टोबर वसुबारस, २१ ला लक्ष्मीपूजन, २३ ला भाऊबीज, २६ ला रविवार. १७ ते २६ हे दहा दिवस कुणीही कामावर नाही.

आधी हे ठरवा: रांग संपली होती, की भरलेली असूनही हलली नाही?

ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. खंड पडला त्या दिवशी वर्डप्रेसच्या पोस्ट यादीत जाऊन पाहा. त्या तारखेची पोस्ट तिथे असेल आणि तिच्यापुढे लाल अक्षरांत `Missed schedule` दिसत असेल, तर साठा होता, यंत्रणा झोपली होती. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे. त्या तारखेला काहीच लावलेलं नसेल, तर साठा कमी पडला.

हे खंड पडायच्या आधीच कळायला हवं असेल, तर सर्व्हरवर ही ओळ चालवा, तिथे WP-CLI हे साधन असायला हवं. पुढच्या प्रत्येक तारखेला किती पोस्ट लावल्या आहेत ते ती दाखवते:

```
wp post list --post_status=future --orderby=date --order=ASC --field=post_date | cut -c1-10 | uniq -c
```

यादीत जी तारीख दिसतच नाही, तो दिवस रिकामा. किती पोस्ट शिल्लक आहेत यापेक्षा पहिली रिकामी तारीख कोणती, हा प्रश्न विचारा. 'बावीस पोस्ट आहेत' या वाक्यातून काही कळत नाही. '१९ तारखेला भोक आहे' हे वाक्य कुणालाही कळतं.

'तयार' म्हणजे नक्की काय

साठ्याचा आकडा फुगतो तो इथे. ऑक्टोबरच्या दहा तारखेला कुणी बावीस पोस्ट तयार आहेत म्हणालं, तर त्या एकेक उघडून पाहा. साधारण असं चित्र दिसतं: सात कच्च्या, पाच तपासणीसाठी थांबलेल्या, दोनांना फोटो नाही, तीन हवामानावर किंवा बाजारभावावर बेतलेल्या आणि उरलेल्या पाचच खरोखर मंजूर. तपासणारा माणूस १४ तारखेला गावी जाणार असेल, तर त्या थांबलेल्या पाच पोस्टही तुमच्या हातात नाहीत, कारण त्या मंजूर करायला कुणी उरत नाही.

म्हणून साठ्यात मोजायची पोस्ट फक्त ती, जिला मंजुरी मिळाली आहे, फोटो लागला आहे, मथळा ठरला आहे आणि जी कुणी हात न लावता जशीच्या तशी जाऊ शकते. बाकी सगळं चालू काम.

मंजूर पोस्ट ठेवायची कुठे, हाही वर्डप्रेसमध्ये नाजूक प्रश्न आहे, कारण 'मंजूर पण तारीख नाही' अशी अवस्था त्यात मुळात नाही. बरेच जण ती `Draft` म्हणून ठेवतात आणि मथळ्याच्या आधी [मंजूर] असं लिहितात. यात दोन धोके आहेत. एक, तो कंस कधीतरी वाचकापर्यंत जातोच. दुसरा गंभीर आहे: लेखकाला `Contributor` ही भूमिका दिली असेल, तर पोस्ट ड्राफ्ट असेपर्यंत तो ती बदलू शकतो. मंजुरीनंतर कुणी औषधाच्या मात्रेत 'छोटीशी दुरुस्ती' केली, तर मंजूर झालेला मजकूर आणि छापला जाणारा मजकूर वेगळे होतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही. पोस्टला पुढची तारीख लावून ती `Scheduled` केली, की `Contributor` ला ती उघडून बदलता येत नाही. `Author` भूमिकेतल्या माणसाला मात्र आपली पोस्ट तेव्हाही बदलता येते, म्हणून तीन लेखकांना `Author` केलेलं असेल तर आधी ते खाली आणा.

त्यामुळे सोपी युक्ती अशी: मंजूर पोस्टला लगेच एक लांबची, ठरलेली तारीख लावा, समजा १ जानेवारी २०३५. ती पोस्ट कुलूपबंद होते आणि साठा एका ठिकाणी मोजता येतो:

```
wp post list --post_status=future --year=2035 --format=count
```

गरज पडली की संपादक तारीख बदलून ती पुढे ओढतो. मंजुरीची तारीख आणि मंजूर करणाऱ्याचं नाव एका साध्या शीटमध्ये लिहून ठेवा, कारण वर्डप्रेस ते तुमच्यासाठी लक्षात ठेवत नाही.

साठ्यात काय घालायचं नाही

शेतीच्या मजकुरात हा भाग सर्वांत जास्त फसवतो. काही पोस्ट कधीही चालतात: मातीचा नमुना कसा घ्यायचा, ठिबकचा फिल्टर कसा धुवायचा, फवारणी पंप वापरानंतर कसा स्वच्छ करायचा. हा खरा साठा.

काही पोस्टना खिडकी असते. बागायती गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होते. त्यावरची पोस्ट ऑक्टोबरच्या अखेरीस सोन्यासारखी आणि डिसेंबरमध्ये निरुपयोगी. अशी पोस्ट मंजूर झाल्याबरोबर थेट तिच्या तारखेवर लावा, २०३५ मध्ये ठेवू नका, नाहीतर खिडकी उलटून गेल्यावर सापडते.

आणि काही पोस्ट साठवताच येत नाहीत: हवामानाचा अंदाज, बाजारसमितीचे भाव, योजनेच्या अर्जाची मुदत. सुट्टीत त्या द्यायच्याच असतील तर त्यासाठी माणूस लागेल. साठा कितीही असला तरी त्याचं काम होणार नाही.

साठ्यातल्या पोस्ट लिहितानाच 'सध्या', 'या आठवड्यात', 'नुकतंच' हे शब्द आणि खतांचे दर काढून टाका. दर द्यायचाच तर तो दुकानात विचारायला सांगा. दुसरं, साठ्यातल्या एका पोस्टमधून साठ्यातल्याच दुसऱ्या पोस्टचा दुवा देऊ नका. दुसरी अजून प्रसिद्ध झालेली नसते, त्यामुळे वाचकाला पान सापडत नाही. संपादक स्वतः लॉगिन करून तपासतो तेव्हा त्याला मात्र ते पान नीट उघडतं, म्हणून ही चूक तपासणीत निसटते.

मंजुरीलाही वय असतं. ज्या पोस्टमध्ये कीटकनाशकाचं नाव आहे तिची मंजुरी तीस दिवसांपुरतीच धरा, नंतर पुन्हा नजर घाला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये एन्डोसल्फानवर देशभर बंदी घातली. तेव्हा ज्यांच्याकडे आधी लिहून ठेवलेला मजकूर होता, त्यांच्यासाठी त्यातली प्रत्येक शिफारस एका दिवसात चुकीची झाली. मातीच्या नमुन्याच्या पोस्टला सहा महिने दिले तरी चालतात.

किती साठा लागतो: दिवाळी २०२५ चा हिशेब

पहिली चूक म्हणजे फक्त सुट्टीचे दहा दिवस मोजणं. सोमवार २७ ला सगळे परततात, पण त्या दिवशी लिहायला घेतलेली पोस्ट दोन दिवस लिहिण्यात, एक तपासणीत आणि उरलेला दिवस दुरुस्ती-फोटोत घालवून ३० च्या संध्याकाळी हाती येते. ती लवकरात लवकर ३१ च्या सकाळी जाणार. म्हणजे २७ ते ३० हे चार दिवसही साठ्यावरच काढायचे. भाऊबीजेनंतरचा खंड बहुतेकांच्या याच चार दिवसांत पडतो आणि त्याचं खापर 'लोक उशिरा आले' यावर फुटतं.

त्यावर तीन पोस्ट सुट्या हाताशी ठेवा, ऐनवेळी एखादी मागे घ्यावी लागली तर. एकूण सतरा.

आता या सतरा कधी जमवायच्या? गणेशोत्सव त्या वर्षी २७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर होता, त्यात आधीचा साठा संपलेला. म्हणजे सोमवार ८ सप्टेंबरला शून्यापासून सुरुवात. ८ सप्टेंबर ते १६ ऑक्टोबर हे ३९ दिवस. रोजच्या ३९ पोस्ट अधिक साठ्याच्या १७, एकूण ५६ मंजूर पोस्ट हव्यात. या गटातून आठवड्याला आठ पोस्ट मंजूर होऊन बाहेर पडतात, म्हणजे साडेपाच आठवड्यांत सुमारे ४४. दसरा आणि गांधीजयंती २ ऑक्टोबरला एकाच दिवशी, गुरुवारी आली. त्या लांबलेल्या शनिवार-रविवारच्या दोन कमी करा. उरल्या ४२.

चौदा कमी पडतात. इथे 'प्रत्येकाने दोन जास्त लिहा' असा निरोप जातो आणि तो निरोपच राहतो, कारण अडथळा लिहिण्यात नाहीच. तीन लेखक जास्त लिहितील, पण तपासणारा एकच आहे आणि तो आठवड्याला आठच तपासतो. जास्तीच्या पोस्ट त्याच्या टेबलावर साचतील आणि आकड्यात 'तयार' म्हणून मोजल्या जातील. म्हणजे आपण पुन्हा त्याच बावीसवर आलो.

खरा मार्ग खर्च कमी करण्याचा आहे. सप्टेंबर मध्यापासून रविवारची पोस्ट बंद करा: १४, २१, २८ सप्टेंबर, ५ आणि १२ ऑक्टोबर, पाच वाचल्या. सुट्टीच्या दहा दिवसांत रोजऐवजी दिवसाआड द्या: १७, १९, २१, २३, २५. आणखी पाच वाचल्या. दिवाळीत शेतीसल्ला वाचायला येणारे तसेही कमी असतात. रविवारी न येणारी पोस्ट कुणाला खुपत नाही, आधी सांगितलं असेल तर नक्कीच नाही. बिनसूचनेचा चार दिवसांचा खंड मात्र खुपतो. उरलेल्या चार मागच्या वर्षीच्या चांगल्या पोस्टमधून घ्या, पण त्या पुन्हा तपासून. जुनी पोस्ट तपासायला नव्यापेक्षा बराच कमी वेळ लागतो, तरीही ती तपासणाऱ्याच्या आठमध्ये न मोजता त्याच्याकडून वेगळा अर्धा तास मागून घ्या. पाच, पाच आणि चार, चौदा झाल्या. हिशेब बरोबर ४२ वर बसतो, तीन सुट्या धरून.

तपासणाऱ्याचा वेळ वाढवता आला तर सोन्याहून पिवळं. त्याला रोज एकेक पोस्ट पाठवण्यापेक्षा आठवड्यातून एक ठरलेली बैठक, समजा गुरुवारी दीड तास, जास्त काम देते, कारण एका विषयातल्या तीन पोस्ट तो एकत्र वाचतो. फवारणी-औषधांचा संबंध नसलेल्या पोस्ट संपादकाने स्वतः मंजूर कराव्यात असं एकदा लेखी ठरवून घेतलं, तर त्याच्याकडे जाणारा ढीगच कमी होतो. हे ठरवायचं ते सप्टेंबरमध्ये. धनत्रयोदशीला फोनवर ठरत नाही.

जमलेला साठा दिवाळीआधीच का संपतो

फराळाच्या डब्यासारखंच आहे हे. चकल्या दिसायला लागल्या की जाता-येता एकेक उचलली जाते. साध्या आठवड्यात एखादा लेखक आजारी पडतो, संपादक २०३५ मधली एक पोस्ट ओढतो. त्यात चूक काही नाही, साठा त्यासाठीही असतो. पण ती पोस्ट परत भरायची कुणी, हे कुणी सांगत नाही आणि सहा आठवड्यांत साठा निम्मा होतो.

दोन नियम पुरतात. आठवड्याला साठ्यातून जास्तीत जास्त दोन पोस्ट उचलायच्या आणि उचललेली सात दिवसांत परत भरायची. भरली नाही तर पुढच्या आठवड्यात एक दिवस पोस्ट जाणार नाही. म्हणजे तूट लगेच, लहान प्रमाणात आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येते. दिवाळीपर्यंत लपून बसत नाही. आणि १ ऑक्टोबरपासून जसजशा पोस्ट मंजूर होतील तसतशा त्या थेट १७ ते ३० च्या तारखांवर लावायच्या. तारीख लागलेली पोस्ट उचलायला कुणाचा हात सहसा धजत नाही, बिनतारखेची मात्र 'पडलीच आहे' वाटते. गव्हाच्या पेरणीची पोस्ट २७ ला लावा, ती तिच्या खिडकीत नेमकी बसते. २०३५ मध्ये उरतील त्या फक्त तीन सुट्या.

या तीन सुट्या पोस्टना कारण आहे. ऑक्टोबरात परतीचा पाऊस झोडपून जातो. सोयाबीन भिजलेलं असताना सकाळी साडेसहाला 'मळणीनंतर धान्य उन्हात कसं वाळवावं' ही पोस्ट गेली, तर वाचक काय म्हणेल ते सांगायला नको. म्हणून पोस्ट जाणार असेल त्याच्या आदल्या संध्याकाळी दहा मिनिटं, एका माणसाने फोनवर वर्डप्रेसचं अॅप उघडून उद्याचा मथळा वाचायचा. खटकला तर ती पोस्ट महिनाभर पुढे ढकलून सुटीतली एक लावायची. ही पाळी आधी नावानिशी वाटून द्या. 'कुणीतरी बघेल' म्हटलं की कुणीच बघत नाही.

साठा होता, तरी पोस्ट गेली नाही

आता `Missed schedule`. वर्डप्रेसमधलं घड्याळ स्वतःहून टिकटिक करत नाही. कुणी साइट उघडली की त्या भेटीच्या निमित्ताने वर्डप्रेस पाहतं की काही काम वेळेवर करायचं राहिलंय का. एरवी सकाळी साडेसहाला वाचक असतात, म्हणून सगळं सुरळीत वाटतं. नरकचतुर्दशीच्या पहाटे लोक अभ्यंगस्नान उरकत असतात, साइटवर कुणी नसतं आणि पोस्ट ताटकळत राहते. कॅशिंग प्लगइन असेल तर आलेल्या वाचकालाही तयार पान मिळतं, वर्डप्रेस जागंच होत नाही. म्हणजे हा दोष नेमका सुट्टीतच उघडा पडतो.

तपासताना एक गंमत लक्षात ठेवा. पोस्ट गेली का पाहायला तुम्ही अॅडमिन उघडता आणि त्या उघडण्यानेच अडकलेली पोस्ट सुटते. शिवाय उशिरा गेलेल्या पोस्टवरही वेळ साडेसहाचीच दिसते. त्यामुळे त्या वेळेवर भरवसा ठेवू नका. वाचकांना आपोआप जाणारा ईमेल किंवा फेसबुकवर आपोआप होणारी शेअर किती वाजताची आहे ते पाहा.

उपाय पक्का आहे. `wp-config.php` मध्ये भेटींवर चालणारं घड्याळ बंद करा:

```
define( 'DISABLE_WP_CRON', true );
```

आणि सर्व्हरच्या क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यंत्रणेत, दर पाच मिनिटांचं काम लावा, मार्ग आपल्या साइटचा टाकून:

```
*/5 * * * * cd /home/user/public_html && wp cron event run --due-now >/dev/null 2>&1
```

दोन्ही एकत्रच करा. फक्त पहिली ओळ टाकली आणि क्रॉन विसरलात, तर एकही पोस्ट कधीच जाणार नाही. काही होस्टिंगवर क्रॉनला `wp` चा पूर्ण मार्ग द्यावा लागतो. तो `which wp` ने मिळतो.

पोस्ट जाते, पण दुपारी बाराला जाते, अशी तक्रार असेल तर क्रॉन सोडा आणि `Settings` मधलं `Timezone` पाहा. तिथे `UTC+0` राहिलं असेल, तर सकाळी साडेसहाची पोस्ट भारतात दुपारी बाराला जाते. `Kolkata` निवडा. त्यानंतर आधीच लावलेल्या पोस्टच्या वेळा एकदा नजरेखालून घाला, कारण त्या जुन्या घड्याळावर लागलेल्या असू शकतात.

क्रॉन बदलल्यावर दोन पहाटे वाट पाहून खात्री करा आणि हे सगळं दसऱ्याआधी संपवा. वसुबारसेच्या आठवड्यात `wp-config.php` ला हात लावू नये. तिथे एक अर्धविराम चुकला, तर रांगेतल्या पोस्ट जाणं दूरच, साइटच उघडत नाही.

आज १५ तारीख आहे आणि हातात पाचच पोस्ट आहेत

मग रोजचं वेळापत्रक सोडून द्या. पाचही पोस्ट दिवसाआड लावा आणि १७ च्या पोस्टच्या शेवटी एका ओळीत सांगा की २६ पर्यंत दिवसाआड भेटू. आज आणि उद्या नवीन काही लिहू नका. तपासणारा १६ च्या संध्याकाळपर्यंत आहे, त्याच्यासमोर थांबलेल्या पाचांपैकी सर्वांत कमी दुरुस्तीच्या चार ठेवा, उरलेली एक बाजूला काढा. या चार २७ ते ३० ला लावा. सुटी पोस्ट एकही उरणार नाही, म्हणून संध्याकाळच्या पाळीत मथळा खटकला तर पर्याय शोधत बसू नका. ती पोस्ट `Draft` करा आणि तो दिवस रिकामा जाऊ द्या.